एका वीज-आराखड्यावरील टीपा, निर्देश आणि चिन्हसूची : ऑटोकॅडमधील एक प्रकरण अभ्यास

दोन शयनगृहांच्या एका सदनिकेचा वीज-आराखडा दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या रेषाकामात काही खोट नव्हती. भिंती, दारे, फर्निचर, दिवे, पंखे, स्विचबोर्ड हे सारे मॉडेल स्पेसमध्ये मिलिमीटरमध्ये खऱ्या मापाने काढलेले होते आणि ए2 आकाराच्या कागदावर 1:50 या प्रमाणात नीट बसलेले होते. अडचण होती ती मजकुरात. स्वयंपाकघरातील चिमणीच्या पॉइंटची उंची मुख्य आराखड्यावर तयार फरशीपासून 2100 अशी लिहिलेली होती आणि त्याच कागदावरील स्वयंपाकघराच्या 1:20 प्रमाणातील मोठ्या तपशिलात ती 1950 होती. वायरमनने तपशील पाहून भिंत फोडली, कॅबिनेट करणाऱ्याने मुख्य आराखडा पाहून वरचे खण बनवले, आणि पॉइंट खणाच्या मागे गेला.

दोन ठिकाणी दोन आकडे कसे आले, हे फाइल उघडताच कळले. आराखडा मुळात केवळ 1:50 साठी तयार झाला होता आणि सर्व मजकूर मॉडेल स्पेसमध्ये 125 उंचीचा होता. कागदावर तो 125 भागिले 50, म्हणजे 2.5 मिलिमीटर उमटतो आणि ही उंची योग्यच आहे. पुढे स्वयंपाकघराचा 1:20 चा तपशील जोडायचे ठरले, तेव्हा तोच मजकूर त्या व्ह्यूपोर्टमध्ये 6.25 मिलिमीटरचा दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी स्वयंपाकघरातील सर्व निर्देशांची प्रत केली, तिची उंची 50 केली, ती वेगळ्या लेअरवर टाकली आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये नको असलेला लेअर गोठवला. पडद्यावर आणि कागदावर हे अगदी व्यवस्थित दिसते. मात्र त्या क्षणापासून एकाच पॉइंटविषयी दोन स्वतंत्र वाक्ये फाइलमध्ये नांदू लागतात, आणि बदल करणाऱ्याला त्यांपैकी एकच दिसत असते, कारण दुसरे त्याच्या व्ह्यूपोर्टमध्ये गोठलेले असते.

याखेरीज आणखी दोन गोष्टी आढळल्या. उजव्या पट्ट्यातील टीपा एकेका ओळीच्या सुट्या मजकुराने लिहिलेल्या होत्या, त्यामुळे मधली एक टीप वाढवली की खालच्या सर्व ओळी हाताने सरकवाव्या लागत. चिन्हसूची तर सुट्या रेषांनी आखलेली होती आणि तिच्यातील चिन्हे फोडलेल्या ब्लॉकची होती. आराखड्यात 16 अँपिअर सॉकेटचे चिन्ह मधल्या काळात बदलले होते, सूचीत मात्र जुनेच राहिले होते.

मजकूर कशाला बांधलेला आहे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कागदावरील सर्व मजकुराची विभागणी मी एका प्रश्नावर केली: हा मजकूर कशाला बांधलेला असायला हवा? निर्देश, म्हणजे बाणासह असलेला छोटा मजकूर, आराखड्यातील एका विशिष्ट वस्तूविषयी बोलतो; म्हणून तो त्या वस्तूजवळ, मॉडेल स्पेसमध्येच असला पाहिजे आणि ज्या ज्या प्रमाणात ती वस्तू दाखवली जाईल त्या त्या प्रमाणात तो वाचता आला पाहिजे. सर्वसाधारण टीपा कोणत्याही एका वस्तूविषयी नसतात, त्या संपूर्ण कागदाविषयी असतात. त्यांना आराखड्याच्या प्रमाणाशी काहीच देणेघेणे नाही, म्हणून त्यांची जागा लेआउटवर. चिन्हसूचीची जागाही लेआउटवरच आहे, पण तिच्यातील चिन्हे आराखड्यातील ब्लॉकच्या व्याख्येला बांधलेली असली पाहिजेत. पहिल्या कामासाठी मल्टिलीडर, दुसऱ्यासाठी बहुओळी मजकूर, ज्याला सगळे एमटेक्स्ट म्हणतात, आणि तिसऱ्यासाठी टेबल ही साधने ऑटोकॅडमध्ये आहेतच. मल्टिलीडर आणि प्रमाणानुसार आकार बदलणारा अॅनोटेटिव्ह मजकूर हे दोन्ही 2008 च्या आवृत्तीपासून, तर टेबल 2005 च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, त्यामुळे साधन नव्हते म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही.

आता टेबल अॅनोटेटिव्ह करता येत नाही, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. चिन्हसूची मॉडेल स्पेसमध्ये ठेवली तर तिच्या अक्षरांची उंची एका प्रमाणालाच जुळते, आणि प्रमाण बदलले की पूर्वीचीच अडचण परत येते. लेआउटवर मात्र एक एकक म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर असल्याने 2.5 लिहिले की 2.5 उमटते.

कामाआधी चार चले अशी लावून घेतली:

```
DIMASSOC        2
ANNOAUTOSCALE  -4
ANNOALLVISIBLE  0
MTEXTCOLUMN     0
```

प्रत्येकाचे कारण पुढे ओघात येईलच. `ANNOALLVISIBLE` हे मॉडेलसाठी आणि प्रत्येक लेआउटसाठी वेगवेगळे साठवले जाते, एवढे येथेच सांगतो, कारण मॉडेलमध्ये ते शून्य करून लेआउटमध्ये विसरणे फार सोपे आहे.

निर्देश : एकच मल्टिलीडर, दोन प्रमाणे

सर्वांत आधी मजकुराची शैली. `STYLE` मध्ये एक अॅनोटेटिव्ह शैली तयार केली आणि तिची उंची मुद्दाम शून्य ठेवली. शैलीतच उंची ठरवून टाकली तर मल्टिलीडरच्या आणि टेबलाच्या शैलीतील उंचीचा रकाना निष्प्रभ होतो, आणि मग 3.5 चे शीर्षक व 2.5 चा मजकूर यांसाठी वेगळ्या शैली कराव्या लागतात. उंचीचे हे आकडे मनाने घेतलेले नाहीत. तांत्रिक आराखड्यांवरील अक्षरांसाठी आयएसओ 3098 मध्ये 1.8, 2.5, 3.5, 5 अशी चढती मालिका दिलेली आहे. साइटवर ए2 चा कागद बहुतेक वेळा ए3 वर छापून दिला जातो, तेव्हा प्रत्येक लांबी सुमारे 0.7 पट होते आणि 2.5 चे अक्षर 1.8 च्या जवळ येते. ते कसेबसे वाचता येते. म्हणून या कागदावर 2.5 पेक्षा लहान अक्षर कोठेही वापरायचे नाही, असे ठरवले.

त्यानंतर `MLEADERSTYLE` मध्ये नवी शैली केली आणि तिच्यात अॅनोटेटिव्हचा चौकोन टिचकावला. रेष सरळ, बाणाचा आकार 2, मजकुराची उंची 2.5, बिंदूंची कमाल संख्या 2 आणि आडव्या तुकड्याची लांबी 4 ठेवली. ही सर्व मापे कागदावरची आहेत. 1:50 मध्ये मॉडेलमधील अक्षर 125 एककांचे आणि 1:20 मध्ये 50 एककांचे कसे करायचे हे ऑटोकॅड स्वतः पाहते. बिंदूंची मर्यादा दोनच ठेवण्यामागे हेतू आहे: बाणापासून आडव्या तुकड्यापर्यंत एकच सरळ तिरपी रेष जावी, मध्ये कोणाला वळणे घालता येऊ नयेत. वळणे घेत जाणाऱ्या लीडरमुळे वाचणाऱ्याची नजर चुकते, आणि वीज-आराखड्यात वायरिंगच्या वक्र रेषा आधीच पुष्कळ असतात.

मजकूर रेषेला कोठे जोडला जावा, हा बारीक वाटणारा पण कागदाचे रूप ठरवणारा पर्याय आहे. मजकूर रेषेच्या उजवीकडे असेल तर रेष पहिल्या ओळीच्या मध्याशी यावी आणि मजकूर डावीकडे असेल तर ती शेवटच्या ओळीच्या मध्याशी यावी, अशी मी निवड केली. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवला तर डावीकडच्या दोन-ओळी मजकुरात रेष पहिल्या ओळीच्या शेवटाला टेकते, आणि वाक्य संपण्याआधीच नजर रेषेवरून घसरून चिन्हाकडे जाते. बाणाविषयी आयएसओ 128 चा संकेत असा आहे की लीडर वस्तूच्या कडेवर संपत असेल तर टोकाला बाण काढावा आणि कडेच्या आत, पृष्ठभागावर संपत असेल तर ठिपका काढावा. येथील बहुतेक निर्देश चिन्हाच्या कडेला टेकणारे होते, म्हणून बाण. ओट्याच्या ग्रॅनाइटसारख्या पृष्ठभागाकडे बोट दाखवणाऱ्या दोन-तीन ठिकाणी ठिपका वापरला.

जुने लीडर नव्या मल्टिलीडरमध्ये बदलणारी आज्ञा ऑटोकॅडमध्ये नाही. ते पुसून नव्याने टाकावे लागतात. त्यामुळे टाकण्यापूर्वी कोणते निर्देश हवेतच, याचा विचार करायला वेळ मिळाला, आणि त्यातून माझ्या मते या दुरुस्तीतला सर्वांत उपयोगी निर्णय निघाला. प्रत्येक स्विचबोर्डजवळ त्याची उंची लिहिलेली होती, आणि जवळजवळ सर्व बोर्डांची उंची सारखीच होती. जी उंची सर्वत्र सारखी आहे ती चिन्हसूचीत एकदा लिहावी आणि जेथे ती वेगळी आहे तेथेच निर्देश द्यावा, असा नियम केला. या एका नियमाने निम्म्याहून अधिक निर्देश गळाले. जे उरले ते खरोखर सांगण्यासारखे होते: चिमणीचा पॉइंट, गीझरचा पॉइंट, ओट्याखालचा पाणी शुद्धीकरण यंत्राचा सॉकेट, फ्रीजमागचा सॉकेट. आराखड्यावर निर्देश असणे म्हणजेच येथे काही तरी नेहमीपेक्षा वेगळे आहे, असे वायरमनला आता धरता येते.

निर्देश टाकताना खालच्या पट्टीवरील अॅनोटेशन प्रमाण 1:50 ठेवले आणि बाणाचे टोक ऑब्जेक्ट स्नॅपने थेट ब्लॉकवरच टेकवले. `DIMASSOC` 2 असताना अशा स्नॅपने टेकवलेले टोक त्या वस्तूशी जोडलेले राहते. वस्तू हलवली की टोक तिच्यामागे जाते, रेष ताणली जाते आणि मजकूर आपल्या जागी राहतो. चिन्हाच्या जवळपास मोकळ्या जागेत टिचकी मारून ठेवलेल्या टोकाला ही सोय नसते. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, आणि फरक कळतो तो चिन्ह सरकवल्यावर. म्हणून मी एक-दोन चिन्हे मुद्दाम थोडी हलवून पाहतो आणि `U` देऊन परत आणतो. जेथे जोडणीवर विसंबायचे नसेल तेथे चिन्ह आणि बाणाचे टोक दोन्ही क्रॉसिंग खिडकीत घेऊन `STRETCH` करणे हा खात्रीचा मार्ग आहे.

मग मूळ दुखण्याकडे वळलो. चिमणीच्या पॉइंटचा मल्टिलीडर निवडून `OBJECTSCALE` ने त्याला 1:20 हे दुसरे प्रमाण जोडले. वस्तू एकच राहिली, तिच्यातील मजकूर एकच राहिला. फक्त 1:50 च्या व्ह्यूपोर्टमध्ये आणि 1:20 च्या व्ह्यूपोर्टमध्ये तो कागदावर सारख्याच 2.5 उंचीने उमटू लागला. आता 2100 चे 2150 करायचे झाले तर ते एकाच जागी करावे लागते. मजकुराची जागा मात्र प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी ठेवता येते, आणि तशी ती ठेवावीच लागते, कारण मुख्य आराखड्यात भिंतीबाहेर असलेला मजकूर तपशिलाच्या व्ह्यूपोर्टच्या कडेबाहेर जाऊन कापला जातो. त्यासाठी अॅनोटेशन प्रमाण 1:20 करून ग्रिपने मजकूर आत ओढला. अशी ओढाताण बिघडली तर `ANNORESET` ने सर्व प्रमाणांमधील जागा चालू प्रमाणातील जागेवर परत आणता येतात.

`ANNOAUTOSCALE` उणे ठेवण्याचे कारण हेच. ते चालू असते तर अॅनोटेशन प्रमाण 1:20 करताच फाइलमधील सर्व निर्देशांना 1:20 जोडले गेले असते आणि दिवाणखान्यातले शेजारचे निर्देशही तपशिलाच्या कडेला डोकावू लागले असते. ज्याला हवे त्यालाच प्रमाण जोडायचे, आणि बाकीच्यांना लपवण्याचे काम `ANNOALLVISIBLE` च्या शून्याकडे सोपवायचे.

एका भिंतीवर पाच निर्देश एकाखाली एक येत होते. `MLEADERALIGN` मध्ये आधी पाचही निवडून, मग पर्यायांतून `Distribute` घेऊन वरचा व खालचा असे दोन बिंदू दिले की मजकूर त्या दोन बिंदूंमध्ये सारख्या अंतराने लागतात आणि बाणांची टोके जागची हलत नाहीत. हे करताना रेषा एकमेकींना छेदतात का, ते डोळ्यांनी पाहावेच लागते. मजकुरांचा वरून खालचा क्रम आणि चिन्हांचा क्रम जुळत नसेल तर छेद येणारच, आणि मग दोन मजकुरांच्या जागांची अदलाबदल हाताने करावी लागते. दिवाणखान्यातील चार सारख्या छतदिव्यांसाठी चार निर्देश न देता `MLEADEREDIT` ने एकाच मजकुराला चार रेषा जोडल्या. चारपेक्षा अधिक रेषा एका मजकुरातून काढू नयेत असे मला वाटते. त्यापुढे तो पंख्यासारखा पसरतो आणि कोणती रेष कोठे जाते हे शोधत बसावे लागते.

मल्टिलीडरमधील लांब मजकुराविषयी एक सवय मोडायला हवी. जागेवर टिचकी मारून सरळ लिहीत गेले की मजकूर एकाच ओळीत लांबत जातो, आणि बहुतेक जण तो एंटर दाबून तोडतात. त्याऐवजी मजकुराच्या रुंदीची ग्रिप आत ओढावी; ओळी आपोआप तुटतात आणि पुढे शब्द वाढले तरी नव्याने नीट बसतात. एंटरने तोडलेल्या ओळीत एक शब्द वाढवला की पुढची सगळी तोडमोड पुन्हा हाताने करावी लागते.

टीपा : लेआउटवरील एकच परिच्छेदसमूह

सुट्या ओळींच्या टीपा पुन्हा टंकित करण्याची गरज नव्हती. `TXT2MTXT` ने त्या सर्व एकाच एमटेक्स्टमध्ये आल्या. त्या आज्ञेच्या सेटिंग्जमध्ये वरून खाली असा क्रम लावण्याचा पर्याय आहे, तो आधी तपासून घ्यावा, नाहीतर ओळी निवडीच्या क्रमाने येऊन वाक्यांची सरमिसळ होते. त्यानंतर 1:50 च्या व्ह्यूपोर्टमधून `CHSPACE` दिल्यावर तो मजकूर मॉडेलमधून लेआउटवर आला आणि येताना 125 ची उंची आपसूक 2.5 झाली. मग पेटीची रुंदी पट्ट्याइतकी, म्हणजे 140 मिलिमीटर केली.

जुने हाताने लिहिलेले आकडे पुसून एमटेक्स्टच्या संपादकातील क्रमांकित यादी लावली. आता टीप दुसऱ्या ओळीत गेली तर ती ओळ आकड्याखाली न सरकता मजकुराखालीच सुरू होते, आणि मधली टीप वाढवली की पुढचे आकडे आपोआप बदलतात. ही सोय आहे आणि हाच धोकाही आहे. मल्टिलीडरमध्ये ‘टीप 4 पाहा’ असे लिहिलेले असते; यादीतून तिसरी टीप काढली की चौथी तिसरी होते, पण मल्टिलीडरला त्याचा पत्ता नसतो आणि तो आता भलत्याच टीपेकडे पाठवू लागतो. म्हणून एकदा कागद साइटवर गेला की नवी टीप नेहमी शेवटी लिहायची आणि रद्द झालेली टीप पूर्ण न काढता तिच्या आकड्यापुढे ‘रद्द’ लिहायचे, असे ठरवले.

`MTEXTCOLUMN` शून्य केले नसते तर काय झाले असते, तेही सांगायला हवे, कारण हा दोष कागद छापल्यावरच लक्षात येतो. मूळ स्थितीत नव्या एमटेक्स्टला स्तंभांची सोय आधीच लागलेली असते. टीपा वाढून पेटीच्या उंचीपलीकडे गेल्या की उरलेला मजकूर खाली न वाहता उजवीकडे दुसऱ्या स्तंभात जातो, आणि उजव्या पट्ट्याच्या उजवीकडे कागदाची कडच असते. शेवटच्या दोन टीपा छापल्याच जात नाहीत, आणि पडद्यावर कागदाबाहेर पडलेला मजकूर कोणी पाहत नाही. हे चल नव्या मजकुरालाच लागू असल्याने आधीपासून असलेल्या एमटेक्स्टमध्ये स्तंभांच्या मेनूतून `No Columns` निवडावे लागते.

पट्ट्यात टीपा मावतील का, हे आधीच मोजता येते. एमटेक्स्टमध्ये एकेरी अंतर ठेवले तर एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचे अंतर अक्षराच्या उंचीच्या सुमारे 1.66 पट असते; 2.5 साठी ते जवळपास 4.2 मिलिमीटर होते. या कागदावर टीपांच्या चौदा ओळी होत होत्या, म्हणजे सुमारे 58 मिलिमीटर. ओळींचे अंतर `Exactly` या पर्यायावर ठेवले, कारण `At least` मध्ये एखाद्या ओळीत मोठे अक्षर आले की तेवढीच ओळ फुगते आणि यादी दातेरी दिसते.

मालकाच्या आणि वायरमनच्या सोयीसाठी तीन टीपा मराठीत हव्या होत्या. मूळ शैलीत `romans.shx` हा टंक होता आणि त्यात देवनागरीची अक्षरेच नसल्याने मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत होती. त्या टीपांसाठी `Nirmala UI` या ट्रूटाइप टंकाची वेगळी शैली केली आणि त्यांची वेगळी पेटी ठेवली. एकाच पेटीत शब्दांवर टंक बदलत बसण्यापेक्षा हे बरे, कारण असे शब्दागणिक दिलेले बदल शैली बदलली तरी टिकून राहतात आणि पुढच्या माणसाला एकाच परिच्छेदात तीन टंक का आहेत ते कळत नाही. याच कारणाने वर्डमधून आणलेला मजकूर संपादकात उजवी टिचकी देऊन `Paste Special` खालील स्वरूपविरहित पर्यायानेच चिकटवला.

चिन्हसूची : ब्लॉकला बांधलेला तक्ता

`TABLESTYLE` मध्ये शीर्षकासाठी 3.5, स्तंभशीर्षकांसाठी आणि मजकुरासाठी 2.5 अशी उंची दिली आणि घराच्या आतील उभा समास 1 ठेवला. ओळीची किमान उंची मजकुराच्या उंचीच्या चार तृतीयांश अधिक दोन्हीकडचे उभे समास एवढी असते. येथे ती 3.33 अधिक 2, म्हणजे 5.33 मिलिमीटर झाली. यापेक्षा कमी उंची मागितली तरी टेबल ती देत नाही, आणि ओळ बुटकी का होत नाही म्हणून अडलेल्या माणसाने समासाकडे पाहावे. स्तंभ तीन: चिन्हासाठी 20, वर्णनासाठी 80 आणि तयार फरशीपासूनच्या उंचीसाठी 40, एकूण 140, म्हणजे टीपांची पेटी आणि सूची एकाच उभ्या रेषेत आली.

चिन्हाच्या घरात ब्लॉक घालताना संवादचौकटीत `AutoFit` हा पर्याय असतो. तो चालू ठेवला की प्रत्येक चिन्ह घर भरेल एवढे मोठे किंवा लहान होते. परिणामी बेल पुशचे छोटे चिन्ह पंख्याच्या चिन्हाएवढे दिसू लागते आणि दोन सारख्या दिसणाऱ्या चिन्हांमधील आकाराचा फरक सूचीत नाहीसा होतो. मी तो बंद करून प्रमाण 0.02 दिले, म्हणजे एक पन्नासांश. ब्लॉक मॉडेलच्या मापात काढलेले असल्याने 250 एककांचे चिन्ह सूचीत 5 मिलिमीटरचे उमटते, आणि मुख्य आराखड्यातही ते तेवढेच असते. वाचणारा दोन्हीकडे एकच आकृती पाहतो. ज्या ओळीत चिन्ह मोठे आहे ती ओळ टेबल स्वतः वाढवून घेते. 1:20 च्या तपशिलात चिन्हे यापेक्षा अडीच पट मोठी दिसतात हे खरे, पण तेथे आकृतीचे रूप तेच असते आणि शेजारी निर्देशही असतात, म्हणून त्यासाठी दुसरी सूची केली नाही.

यानंतर 16 अँपिअर सॉकेटचा ब्लॉक `BEDIT` मध्ये उघडून थोडा बदलला आणि `REGEN` दिले. आराखड्यातील सर्व सॉकेट आणि सूचीतील चिन्ह एकाच वेळी बदलले. फोडलेल्या चिन्हांच्या सूचीत हे कधीच घडले नसते.

सूचीत संख्येचा स्तंभ असावा का, यावर थोडी चर्चा झाली. 2022 च्या आवृत्तीपासून `COUNT` ने ब्लॉक मोजता येतात आणि ती संख्या फील्डच्या रूपाने मजकुरात घालता येते. तरीही मी तो स्तंभ ठेवला नाही. संख्या ठेकेदाराच्या परिमाणपत्रकात असतेच. तीच कागदावर दुसऱ्यांदा लिहिली की एका पॉइंटविषयी दोन वाक्ये, या ज्या दुखण्यातून हा आराखडा बाहेर काढला तेच वेगळ्या दाराने आत येते. मोजणीचा उपयोग मात्र तपासणीसाठी केला. `COUNTLIST` मध्ये आराखड्यातील सर्व ब्लॉकची नावे दिसतात. ती सूचीतील ओळींशी एकेक करून ताडून पाहिली, तेव्हा एक्झॉस्ट पंख्याचे चिन्ह आराखड्यात असून सूचीत नाही आणि टेलिफोन पॉइंटचे चिन्ह सूचीत असून आराखड्यात कोठेच नाही, हे दोन्ही कळले.

छापण्यापूर्वी आणि त्यानंतर

दोन्ही व्ह्यूपोर्टचे प्रमाण खालच्या पट्टीवरून दिले आणि लगेच ते कुलूपबंद केले. असे न केल्यास दोन वेगवेगळे दोष संभवतात आणि त्यांची लक्षणेही वेगळी असतात. व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन माऊसच्या चाकाने झूम केले तर व्ह्यूपोर्टचे प्रमाण किंचित सरकते पण अॅनोटेशन प्रमाण तेच राहते. निर्देश दिसत राहतात, फक्त त्यांची अक्षरे 2.5 ऐवजी 2.4 किंवा 2.7 होतात. पट्टीवरून दुसरेच प्रमाण, समजा 1:25, निवडले गेले तर दोन्ही प्रमाणे बदलतात, आणि 1:25 कोणत्याच निर्देशाला जोडलेले नसल्याने सगळे निर्देश एकदम नाहीसे होतात. मजकूर पुसला गेला असे समजून घाबरलेला माणूस तो पुन्हा लिहू लागतो, आणि प्रमाण परत 1:50 केल्यावर एकावर एक दोन निर्देश दिसतात. म्हणून निर्देश गायब झाले तर प्रथम प्रमाण पाहावे. छापील कागदावर मोजपट्टीने एका इंग्रजी मोठ्या अक्षराची उंची मोजणे ही शेवटची तपासणी. ऑटोकॅडमधील मजकुराची उंची म्हणजे मोठ्या अक्षराचीच उंची असते, त्यामुळे देवनागरी अक्षरावरून ही तपासणी करता येत नाही.

पुढच्या फेरबदलात गीझरची जागा बदलली आणि चिमणीची उंची 2150 झाली. चिमणीचा आकडा एकाच मल्टिलीडरमध्ये बदलला आणि दोन्ही प्रमाणांत बरोबर उमटला. गीझरचे चिन्ह ज्याने हलवले त्याने `MOVE` न वापरता जुने पुसून नवे घातले होते. वस्तूच उरली नाही तेव्हा जोडणीही सुटली आणि बाण रिकाम्या भिंतीकडे दाखवत राहिला. त्याचे टोक ग्रिपने धरून नव्या ब्लॉकवर न्यावे लागले, आणि 1:20 च्या प्रमाणातही ते योग्य जागी आहे ना, हे तो व्ह्यूपोर्ट उघडून वेगळे पाहावे लागले.